गोदामातला रॅक कोसळल्यावर घटना अहवाल कसा लिहावा

रॅक पडल्यानंतरचे बहुतेक अहवाल एका वाक्यात संपतात: "फोर्कलिफ्टचा धक्का लागल्याने रॅक कोसळला, चालकास समज देण्यात आली." हे वाक्य खोटं नसतं, पण त्याने कारण कळत नाही. धक्के तर गोदामात रोज लागतात, आणि त्यातल्या एकाच धक्क्याला रॅक पडतो. त्या दिवशी तो का पडला, एवढं जरी अहवालाने नीट सांगितलं तरी विमा कंपनी, निरीक्षक आणि आपले संचालक या तिघांचं समाधान होतं, आणि उरलेले खण उभे राहतात.

हे कसं करायचं ते एका नमुना उदाहरणावरून पाहू. वाशीम जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, तिचं गावाबाहेरचं सोयाबीन बियाण्याचं गोदाम, मे महिना. उन्हामुळे काम पहाटेच सुरू होतं. सकाळी पावणेसातच्या सुमारास एका रांगेतले दोन खण पूर्ण खाली आले, शेजारचा आणखी एक कलला, आणि एका हमालाच्या घोट्याचं हाड मोडलं. उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गोदामात ते वेगळे असतील, पण पद्धत हीच राहील.

पहिला तास: कोणी आत जायचं नाही

जखमीला बाहेर काढून दवाखान्यात पाठवलं की पुढचं काम माणसांना अडवायचं. बियाण्याची पोती फुटलेली पाहून पहिली हाक येते ती "पोती उचला रे" अशी, आणि खरा धोका तिथेच आहे. आपल्या उदाहरणात पाचवा खण कललेला होता आणि त्याच्यावर सहा पॅलेट, म्हणजे एकशे ऐंशी पोती लटकून होती. असा खण तासाभराने पडतो, दुसऱ्या दिवशी पडतो, कधी खालचं एक पोतं ओढल्यावर पडतो. रॅकच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर चारही बाजूंनी दोरी बांधा, त्या भागाची वीज बंद करा, आणि पाठीला पाठ लावून दुसरी रांग असेल तर तिच्या बाजूचा रस्ताही बंद करा.

लटकलेला माल आपल्या फोर्कलिफ्टने उतरवू नका. फोर्कलिफ्टला खालून, म्हणजे नेमकं पडणाऱ्या मालाच्या तोंडाशी जावं लागतं. रॅक पुरवणाऱ्याचा माणूस बोलवा आणि हायड्राने वरच्या लेव्हलपासून खाली या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून हायड्रा यायला अर्धा दिवस गेला तरी थांबा. तो अर्धा दिवस वाया जात नाही, कारण पुढची सगळी नोंद त्याच वेळात करायची असते.

त्याच तासात फोन करायचे ते विमा कंपनीला, गोदामात दुसऱ्यांचा माल असेल तर त्या मालकांना, आणि हमाल माथाडी मंडळाकडून किंवा ठेकेदाराकडून आलेला असेल तर तिकडे. कारखाना म्हणून नोंद असलेल्या जागी कामगाराला ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाला सूचना द्यावी लागते. बियाणं प्रक्रिया केंद्राच्या आवारातलं गोदाम बऱ्याचदा त्यात मोडतं. घोट्याचं हाड दोन दिवसांत भरून येत नाही, तेव्हा वाट पाहत बसू नका. सूचना दिल्याची वेळ आणि ती कोणी दिली हे अहवालात लिहा.

पुरावा: हलवण्याआधी काय टिपायचं

फोटो आधी लांबून चारही कोपऱ्यांतून, मग प्रत्येक फ्रेमचे, मग जवळून. जवळच्या प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरा आणि खडूने लिहिलेला फ्रेमचा नंबर दिसू द्या. उदाहरणातल्या रांगेत सहा खण आहेत, म्हणजे सात फ्रेम. नंबर दारापासून सुरू करा आणि अहवालात शेवटपर्यंत तोच क्रम ठेवा. "मधला खांब" असं लिहिलेला अहवाल महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

जवळून पाहताना चार जागा बघायच्या. पहिली म्हणजे खांब नेमका कुठे वाकला आणि कोणत्या दिशेने. दुसरी म्हणजे वळीच्या आतला पत्रा. घडी पडलेल्या ठिकाणी रंग उडतो. पत्रा आत चकचकीत असेल तर ती घडी आजची, आणि आत काळपट-तांबूस गंज बसलेला असेल तर ती जुनी. तिसरी जागा बेस प्लेट. अँकर बोल्ट होता आणि उपटला असेल तर काँक्रीटचा गोल टवका निघालेला दिसतो किंवा बोल्टच ताणून तुटलेला असतो. भोकात जुनी माती आणि भुसा घट्ट बसलेला असेल तर तिथे बोल्ट आधीपासूनच नव्हता. चौथी जागा म्हणजे बीमच्या टोकाची सेफ्टी पिन. पिन नसेल तर फोर्कने खालून उचलला गेलेला बीम खाचेतून सुटतो. अशा वेळी बीमचे आकडे सरळ राहतात आणि खाच फाटलेली नसते.

आपल्या उदाहरणात फ्रेम ४ चा पुढचा खांब जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर वाकला होता, आणि तोही रांगेच्या लांबीच्या दिशेने, गल्लीतून आत नव्हे. त्याच खांबावर ३५० ते ४५० मिलिमीटर उंचीवर फोर्कलिफ्टचा पिवळा रंग लागलेला ताजा ओरखडा होता. त्याच्या थोडं वर, ६०० मिलिमीटरवर, गंज बसलेला जुना दाब होता. बेस प्लेटच्या दोन भोकांपैकी एकात बोल्ट नव्हता आणि भोक भुश्याने भरलं होतं. सेफ्टी पिना जागच्या जागी होत्या.

एवढ्यावरच बरंच काही कळतं. धक्का लागला एका जागी आणि खांब मोडला दुसऱ्याच जागी. हा मुद्दा पुढे कारणाच्या भागात लागेल.

सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर काढून घ्या. काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं त्यावर बसतं. डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलच्या वेळेशी ताडून किती मिनिटांचा फरक आहे तेही लिहा. लोडशेडिंगनंतर ही घड्याळं मागेपुढे होतात आणि मग साक्षीतली वेळ नि फुटेजमधली वेळ जुळत नाही.

माणसांशी बोलणं

प्रत्येकाशी वेगळं बोला, त्याच दिवशी, आणि "तू धक्का दिलास का?" असं विचारू नका. "सकाळपासून काय काय झालं ते सांग" एवढंच विचारा. बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवा, प्रमाण मराठीत घालायच्या भानगडीत पडू नका. आपल्या उदाहरणातला चालक म्हणतो, "थोडासाच लागला भाऊ. तसा त रोजच लागते. हा दांडा त एप्रिलमधीच चेपला होता, पन सांगन कोन? पाचशे रुपये कापतात." हेच वाक्य "किरकोळ धक्का लागल्याचे चालकाने मान्य केले" असं लिहिलं की त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी गळून जातात: दाब जुना होता, आणि तो कळवला गेला नाही याला कारण होतं.

रॅक ज्यांनी बसवला किंवा नंतर हलवला त्यांना शोधून विचारणं बहुतेक लोक विसरतात. "गेल्या वर्षभरात या रांगेत काय बदललं?" हा प्रश्न हमालापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला विचारा. उदाहरणात त्याचं उत्तर असं मिळालं: फेब्रुवारीत प्रतवारीआधीचं कच्चं बियाणं जम्बो बॅगमध्ये आलं. जम्बो बॅगची उंची पावणेदोन-दोन मीटर, आणि खालच्या बीमखाली जागा दीड मीटर. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याला बोलावून सगळे बीम ७०० मिलिमीटर वर सरकवले. खालचा बीम १.५ वरून २.२ मीटरवर गेला. जम्बो बॅगा थेट जमिनीवर ठेवल्या, त्यामुळे रॅकवर एक किलोही जास्त वजन आलं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. ते खरंच होतं.

कारण: एकेक शक्यता तपासून बाजूला काढा

कारणाच्या भागात थेट निष्कर्ष लिहू नका. आधी सगळ्या शक्यता मांडा, मग प्रत्येकीला पुरावा लावा. उदाहरणात चार शक्यता होत्या.

बीमवर जास्त वजन: एका पॅलेटवर ३० किलोची ३० पोती म्हणजे ९०० किलो, पॅलेटचे २० धरून ९२०. एका लेव्हलवर दोन पॅलेट, म्हणजे १,८४० किलो. पुरवठादाराच्या कागदावर बीमजोडीची क्षमता २,००० किलो होती. बीम वाकल्याच्या खुणाही नव्हत्या. ही शक्यता बाद.

जमीन खचणं: आपल्याकडे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. खाली काळी माती असते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलतो. उभ्या राहिलेल्या फ्रेमांना ओळंबा लावा. ढोबळ मर्यादा उंचीच्या दोनशेव्या भागाची, म्हणजे तीन मीटर उंचीत १५ मिलिमीटर. उदाहरणात सर्वांत जास्त फरक ८ मिलिमीटर आला. पाण्याच्या नळीने पडलेल्या भागातला कोबाही समतल निघाला. ही शक्यता या घटनेपुरती बाद, पण ती मे महिन्यातली मोजणी आहे हे अहवालात लिहून ठेवा.

धक्का: फुटेजमध्ये दिसतं की वळताना फोर्कलिफ्टचा मागचा भाग फ्रेम ४ ला घासून गेला, फ्रेम थरथरली आणि काही सेकंदांत खाली आली. म्हणजे निमित्त धक्क्याचं, यात वाद नाही.

चौथी शक्यता खांबाच्या क्षमतेची, आणि इथे थोडा हिशेब करावा लागतो. मधल्या फ्रेमवर डावीकडच्या खणाचा अर्धा आणि उजवीकडच्या खणाचा अर्धा भार येतो, म्हणजे एकूण एका खणाचा. तीन लेव्हल गुणिले १,८४० म्हणजे ५,५२० किलो. पुरवठादाराच्या तक्त्यात या फ्रेमची क्षमता एकच आकडा नव्हती. ती बीममधल्या अंतरानुसार बदलत होती. दीड मीटर अंतराला ८,५०० किलो आणि २.२ मीटरला ५,००० किलो. फेब्रुवारीआधी ५,५२० किलोसाठी ८,५०० ची क्षमता होती. फेब्रुवारीनंतर त्याच ५,५२० किलोसाठी ५,००० चीच उरली.

असं का होतं हे संचालकांना समजवायचं असेल तर हातभर लांब तुराटी टेबलावर उभी धरून वरून दाबा, मग तिचाच वीतभर तुकडा दाबा. लांब तुराटी मधेच वाकते, तुकडा तग धरतो. खांबाला बीम बाजूने धरून ठेवतो. बीम वर गेला की खालचा मोकळा भाग लांब होतो. उभ्या पट्टीची वाकण्याआधीची ताकद मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते असं साधं सूत्र आहे. प्रत्यक्ष रॅकच्या खांबाला ते जसंच्या तसं लागू होत नाही, म्हणून आकडा घ्यायचा तो पुरवठादाराच्या तक्त्यातलाच.

आता मघाचा पुरावा परत घ्या. खांब १.१ मीटरवर वाकला, म्हणजे जमीन आणि २.२ मीटरवरचा बीम यांच्या बरोबर मधोमध. वाकला रांगेच्या दिशेने, कारण आतल्या दिशेने त्याला फ्रेमच्या तिरक्या पट्ट्यांचा आधार होता आणि रांगेच्या दिशेने फक्त बीमचा. नुसत्या धक्क्याने मोडला असता तर ४०० मिलिमीटरच्या आसपास, ओरखड्यापाशी चेपून मोडला असता. हिशेब आणि वाकलेला पत्रा एकच गोष्ट सांगतात. असं जुळलं की कारण सिद्ध झालं असं म्हणता येतं. नुसता हिशेब किंवा नुसता फोटो पुरत नाही.

एक शंका इथे वाचणाऱ्याला येणारच: क्षमतेपेक्षा जास्त भार होता तर रॅक फेब्रुवारीतच का नाही पडला? तक्त्यातल्या आकड्यात सुरक्षेची सूट धरलेली असते. ५,००० लिहिलेली फ्रेम ५,००१ ला पडत नाही. पण ती सूट भार वाढवण्यासाठी नसते, दाब, सुटलेला बोल्ट, कलणं अशा दोषांसाठी असते. इथे सूट आधी अंतराने खाल्ली, मग एप्रिलच्या दाबाने, मग नसलेल्या बोल्टने. मे महिन्यातल्या हलक्या धक्क्याला काही उरलंच नव्हतं. अहवालात हा क्रम तारखांसह लिहा.

यानंतर खरा प्रश्न येतो तो व्यवस्थेचा. बीम का हलवले? जम्बो बॅगला जागा नव्हती. पुरवठादाराला का विचारलं नाही? विचारायला हवं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. भार-पाटीवर लेव्हलमागे २,००० किलो एवढंच लिहिलं होतं, अंतराचा उल्लेख नव्हता. एप्रिलचा दाब का कळवला नाही? पाचशे रुपये कापले जात होते. बोल्ट नाही हे कोणाला का दिसलं नाही? तपासणीची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. "का" विचारत जा, आणि उत्तर एखाद्या माणसाच्या स्वभावावर आलं की ("बेफिकीर आहे") समजा की एक पायरी चुकली. तिथून मागे येऊन पुन्हा विचारा.

नुकसान: फाटलेली पोती मोजून भागत नाही

रॅकचं नुकसान लिहिणं सोपं आहे: किती फ्रेम, किती बीम, किती पॅलेट. पडलेल्या खणांच्या बाजूच्या फ्रेमा सरळ दिसल्या तरी त्यांना ओढ बसलेली असते, म्हणून फ्रेम ३, ५ आणि ६ "तपासणीपर्यंत वापर बंद" या रकान्यात टाका. फोर्कलिफ्ट, कोबा, वायरिंग यांना एकेक ओळ पुरे.

मालाकडे मात्र वेळ द्या, विशेषतः सोयाबीन असेल तर. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं की वरून शिवण शाबूत राहते आणि आतल्या दाण्याचा अंकुर दुखावतो. नुसतं पाहून हे कळत नाही, ते उगवणीत दिसतं. म्हणून पडलेल्या मालाच्या तीन थप्प्या करा: फाटलेला, पडलेला पण बंद, आणि न पडलेला. पहिल्या दोन थप्प्यांत लॉट नंबरवरून कोणता माल किती उंचीवरून पडला ते लिहा.

उदाहरणात खण ३ आणि ४ मिळून १२ पॅलेट, म्हणजे ३६० पोती खाली आली. प्रत्येक लेव्हलवर वेगळा लॉट होता, त्यामुळे हिशेब असा लागला:

| कुठून पडलं | फाटलेली | बंद | बंद पोत्यांतली उगवण |
|---|---|---|---|
| २.२ मी. | २२ | ९८ | ७९ टक्के |
| ३.७ मी. | ३८ | ८२ | ७२ टक्के |
| ५.२ मी. | ५८ | ६२ | ६३ टक्के |

घटनेआधी तिन्ही लॉटची उगवण ८२ टक्क्यांच्या आसपास होती. सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. म्हणजे वरच्या लेव्हलची ६२ बंद पोतीही बियाणं म्हणून गेली. पहिल्या दिवशी नुकसान ११८ पोत्यांचं दिसत होतं, प्रत्यक्षात निघालं १८०. मधल्या लॉटचे ७२ टक्के काठावरचे आहेत. तो लॉट वेगळा ठेवून विक्रीआधी पुन्हा तपासावा. ही ६२ पोती तशीच विकली असती तर जूनच्या शेवटी शेतकरी दारात उभे राहिले असते, आणि त्या नुकसानाला विमा नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायला ओल्या गोणपाटावर शंभर दाण्यांची चाचणी पुरेशी आहे, पण अहवालाला जोडायचा तो बीज परीक्षण प्रयोगशाळेचा कागद. सोयाबीनच्या चाचणीला आठ दिवस लागतात. त्यामुळे अहवाल दोनदा द्यावा लागतो. चोवीस तासांत प्राथमिक: काय झालं, कोणाला लागलं, काय बंद केलं, एवढंच, कारणाच्या जागी "तपास सुरू". दोन आठवड्यांनी अंतिम. घाईने पहिल्याच अहवालात ११८ हा आकडा "एकूण नुकसान" म्हणून लिहिला की नंतर १८० चा दावा विमा सर्वेअरसमोर समजावताना नाकी नऊ येतात. प्राथमिक अहवालात लिहा: "फाटलेली ११८, बंद २४२ पोत्यांची उगवण चाचणी बाकी."

फाटलेलं बियाणं गोळा करून परत पोत्यात भरून शिवायचा मोह होतो. लेबल आणि सील गेलं की ते बियाणं म्हणून विकता येत नाही. प्रमाणित असेल तर प्रमाणीकरण यंत्रणेशी बोलल्याशिवाय पोत्याला हातही लावू नका. आणि बियाण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया झालेली असेल तर ते धान्य म्हणून बाजारात नेणं, तेल गिरणीला देणं किंवा गुरांना घालणं पूर्ण बंद. मग त्याची भंगार किंमत शून्य धरा आणि विल्हेवाटीचा खर्च नुकसानीत मिळवा.

उदाहरणातलं बियाणं बिनप्रक्रियेचं होतं. १८० पोती, पोत्याची पुस्तकी किंमत २,७०० रुपये धरली तर ४,८६,००० रुपये. त्यातलं झाडून-वेचून हाती लागलेलं फाटक्या पोत्यांतलं ३,२०० किलो आणि बंद ६२ पोत्यांतलं १,८६० किलो, मिळून ५,०६० किलो तेल गिरणीला क्विंटलला ४,००० ने गेलं: २,०२,४०० रुपये. निव्वळ तोटा २,८३,६००. सर्वेअरला हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवा, आणि तो येऊन बघेपर्यंत फाटका माल विकू नका. पॉलिसी आगीची असेल तर रॅक कोसळणं तिच्यात आपोआप येईलच असं नाही. कलम वाचा आणि अहवालात दाव्याबद्दल मत देऊ नका, घटना तेवढी लिहा.

सुधारणा: कोण, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून

"कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात आल्या" ही सुधारणा नव्हे. प्रत्येक ओळीला एक नाव, एक तारीख आणि एक पुरावा हवा, आणि प्रत्येक ओळ वर सापडलेल्या एखाद्या कारणाला उत्तर देणारी हवी. कारणाच्या भागात फेब्रुवारीतला बीम आहे आणि सुधारणेत फक्त चालकाचं प्रशिक्षण आहे, असं झालं तर अहवाल परत पाठवा.

सगळ्यांत आधी उरलेल्या खणांचं बघा. तिथेही बीम २.२ मीटरवरच आहेत, म्हणजे तेही आजच धोक्यात आहेत. नवीन माल चढवणं थांबवा, वरून खाली या क्रमाने खण रिकामे करा आणि बीम पुन्हा दीड मीटरवर आणा. जम्बो बॅगांना गोदामाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीवर वेगळी जागा द्या. पुरावा: प्रत्येक खणाचा मोजपट्टी लावलेला फोटो.

मग उभ्या खांबांचे दाब मोजा. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची आणि मधला फट मोजायची. युरोपीय मानक ईएन १५६३५ मधली पद्धत आपल्याकडचे पुरवठादारही वापरतात: गल्लीतून आत, म्हणजे फ्रेमच्या खोलीच्या दिशेने दाब असेल तर ३ मिलिमीटरपर्यंत चालतो, रांगेच्या दिशेने असेल तर ५ पर्यंत, तिरक्या पट्टीला १० पर्यंत. मर्यादेच्या वर पण दुपटीच्या आत असेल तर पिवळा: माल उतरला की दुरुस्तीपर्यंत पुन्हा चढवायचा नाही. दुपटीच्या वर गेला तर लाल: आत्ताच रिकामा करायचा. उदाहरणात फ्रेम २ ला आतल्या दिशेने ५ मिलिमीटर, म्हणजे पिवळा; फ्रेम ६ ला ९, म्हणजे लाल. म्हणजे पाच आणि सहा हे खण घटना झाली नसती तरी बंदच ठेवायला हवे होते.

दबलेला खांब तापवून सरळ करणं किंवा वरून पट्टी वेल्ड करणं हा आपल्याकडचा हमखास उपाय आहे आणि तो लिहूच नका. रॅकचा खांब पातळ पत्रा गार असतानाच वळवून केलेला असतो. तापवला की त्याची ताकद बदलते, आणि किती बदलली ते कोणीच सांगू शकत नाही. खांब बदलायचा, तोही त्याच कंपनीचा, त्याच जाडीचा. बेस प्लेटचे सगळे बोल्ट भरा. गल्लीच्या तोंडाशी आणि वळणावर खांबासमोर लोखंडी गार्ड लावा, पण तो जमिनीत बोल्ट केलेला हवा. खांबालाच बांधलेला गार्ड धक्का थेट खांबापर्यंत पोचवतो.

भार-पाटी नवी करा. तिच्यावर लेव्हलमागचा भार, पूर्ण खणाचा भार आणि "पहिला बीम जमिनीपासून १.५ मी." या तीन गोष्टी मराठीत, वाचता येतील अशा आकारात. खाली एक ओळ: बीम हलवायचा असेल तर पुरवठादाराचं लेखी पत्र आल्याशिवाय पाना लावायचा नाही. या ओळीखाली गोदाम व्यवस्थापकाची सही.

पाचशे रुपयांची कपात बंद करण्याचा ठराव संचालकांनी घ्यावा लागतो आणि इथे वाद होतो. "मग तर रोजच ठोकतील" असं कोणीतरी म्हणतंच. त्याला उत्तर असं की ते आजही ठोकतात, फक्त सांगत नाहीत. दंडाऐवजी धक्का-नोंदवही ठेवा: तारीख, खण, फ्रेम, दाब किती मिलिमीटर, आणि पुढे काय केलं. न कळवलेला दाब आठवड्याच्या तपासणीत सापडला तर जाब विचारा, कळवलेल्याला नको. तपासणी दर सोमवारी, एका नाव असलेल्या माणसाने, आणि तो रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नावही ठरलेलं.

महिन्याभराने सुधारणा टिकल्या का ते बघायला नोंदवही उघडा. खरिपाच्या गर्दीत महिनाभर एकही धक्का नोंदलेला नसेल तर आनंद मानू नका. लोक अजून लपवतायत असा त्याचा अर्थ. अशा वेळी ओरखडे आणि नोंदी जुळतात का हे स्वतः रांगेतून फिरून पाहा.

शेवटची ओळ जमिनीची. मे महिन्यात ओळंबा बरोबर आला होता, पण काळी माती तेव्हा कोरडी होती. सप्टेंबरमध्ये, पाऊस मुरल्यावर, त्याच फ्रेमांना त्याच उंचीवर पुन्हा ओळंबा लावायचा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. फरक १५ मिलिमीटरच्या आत राहिला तर अहवालावर "बंद" असा शेरा मारून सही करा; नाहीतर बेस प्लेटखाली पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या की कोबाच फोडायचा, याचं पत्र पुरवठादाराला त्याच दिवशी जायला हवं.